बांधणी, शिबोरी, टाय-डाय : पांढऱ्या जागेची कड बघा

प्रश्न : शिबोरी म्हणजे जपानी बांधणीच ना? आणि टाय-डाय पण तेच असेल तर तीन वेगळे शब्द कशाला? दुकानात एकाच ओढणीला तिन्ही नावं ऐकली.

कपड्याचा काही भाग रंगापासून अडवून ठेवायचा एवढंच तिन्हींत सारखं आहे. कशाने अडवायचं ते मात्र वेगळं, आणि ते तयार कपड्यावर पांढरी जागा जिथं संपते त्या कडेला चक्क दिसतं. म्हणून मी तरी दुकानदार काय नाव सांगतोय ते नंतर ऐकते, आधी ती कड बघते.

बांधणीपासून सुरू करू, कारण ते आपल्या जवळचं, कच्छ-सौराष्ट्रातलं, भूज, मांडवी, जामनगर वगैरे, आणि राजस्थानात त्यालाच बंधेज म्हणतात. समजा लाल ओढणी करायचीय आणि तिच्यावर पांढरे आणि पिवळे ठिपके हवेत. पांढरं कापड घडी घालून दोन किंवा चार पदरी करतात, त्यावर धुतल्यावर निघून जाईल अशा रंगाने नक्षीच्या खुणा छापतात, मग बांधणारी बाई एकेका खुणेखाली करंगळीचं वाढवलेलं नख किंवा टोकदार अंगठीसारखी नखली घालून कापड वर उचलते आणि त्या इवल्याशा टोकाच्या बुडाला दोऱ्याचे घट्ट वेढे देते. दोरा तोडत नाही, तसाच पुढच्या टोकाला नेते. आधी फक्त जे ठिपके पांढरे राहायला हवेत तेवढेच बांधायचे आणि कापड पिवळ्यात बुडवायचं. मग त्या पिवळ्यावर, जे पिवळे राहायला हवेत ते बांधायचे आणि लालमध्ये बुडवायचं. म्हणजे रंग कायम फिक्याकडून गडदाकडे जातो, आणि पहिल्या फेरीत एखादा ठिपका बांधायचा राहिला तर तो नंतर पांढरा करता येत नाही, कारण तिथं पिवळा बसलेला असतो.

आता एक ठिपका नीट बघा, सगळी मेख तिथं आहे. दोरा टोकाच्या बुडाशी असतो, अगदी वरचं टोक उघडंच राहतं. त्यामुळं दोऱ्याखालचं कापड पांढरं राहतं पण टोक रंग पितं, आणि सोडल्यावर पांढऱ्या कड्याच्या मधोमध रंगाचा एक बारीक बिंदू दिसतो. कडं अगदी गोल नसतं, जरा चौकोनी, आणि दोन शेजारचे ठिपके कधीच हुबेहूब सारखे नसतात, कारण प्रत्येक वेढ्याचा ताण हाताचा आहे. कड त्यातल्या त्यात स्वच्छ असते. वेढे ढिले पडले किंवा कापड रंगात गरजेपेक्षा जास्त वेळ राहिलं की रंग दोऱ्याखाली सरकतो आणि कडं अंधुक होतं, ठिपका नुसता डाग वाटायला लागतो. चार पदरी बांधलेलं असेल तर नक्षी चारही भागांत आरशासारखी उमटते, आणि आतल्या पदरांपर्यंत रंग पोचायला वेळ लागतो म्हणून तिथला मधला बिंदू बऱ्याचदा फिका असतो. शिवाय कापडाला त्या टोकांच्या चुण्या राहतात, बारीक फुगवटे. म्हणून तर कित्येक ठिकाणी बांधणी गाठी न सोडताच विकायला ठेवतात, घेणाऱ्यासमोर कापड दोन्हीकडून ओढलं की दोरा तडातडा सुटत जातो. छापील बांधणीत हे काहीच नसतं, ठिपके एकसारखे, कापड सपाट, आणि बऱ्याच वेळा उलट बाजू फिकी.

शिबोरीचं तसं नाही, ती एक पद्धत नसून पद्धतींचं अख्खं कुटुंब आहे. जपानमध्ये नागोयाजवळच्या आरिमात्सुत हे काम १६०८ सालापासून चालू आहे, तोकाइदो रस्त्यावरच्या प्रवाशांना निळे-पांढरे हातरुमाल विकून ते गाव नावारूपाला आलं. या कुटुंबातली एक शाखा म्हणजे कानोको, तिच्यात कापडाची टोकं उचलून दोऱ्याने बांधतात, क्योतोमध्ये तर रेशमावर इतके बारीक आणि दाट ठिपके करतात की लांबून कापडाचा पोतच वेगळा वाटतो. ही शाखा बांधणीची खरी बहीण, मध्ये रंगाचा बिंदू असलेलं तेच कडं तिथंही दिसतं. तेव्हा ‘शिबोरी म्हणजे जपानी बांधणी’ हे एवढ्या शाखेपुरतं बरोबर.

बाकीच्या शाखांमध्ये ठिपका बांधायचा प्रश्नच येत नाही. नुइ शिबोरीत धावदोरा घालतात आणि दोरा ओढून कापड घट्ट गोळा करतात, म्हणून पांढऱ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक दात आल्यासारखे दिसतात आणि जवळून बघितलं तर सुई गेल्याच्या जागाही कळतात. इताजिमेत कापडाची पंख्यासारखी घडी घालून पुन्हा त्रिकोणी किंवा चौकोनी घड्या करतात आणि दोन लाकडी पट्ट्यांमध्ये करकचून आवळतात. तिथं दोरा आवळण्यापुरता, रंग अडवते ती पट्टी आणि तिचा दाब. उघड्या राहिलेल्या घडीच्या कडांनाच रंग लागतो, म्हणून कापडभर जाळी किंवा हिमफुलांसारखी भौमितिक नक्षी येते, आणि प्रत्येक आकार एका बाजूला गडद होऊन आत विरत जातो. अराशीत कापड खांबाला तिरकं गुंडाळून वर दोरा फिरवतात आणि सगळं एका टोकाला ढकलून चुरमडतात, त्याने जोराच्या पावसासारख्या तिरक्या रेघा पडतात. आपल्या राजस्थानी लहरियाची तिरकी रेघही कापड तिरकं गुंडाळून, ठरावीक अंतरावर बांधूनच येते, त्यामुळं लहरियाशेजारी ठेवायची तर अराशी ठेवा, कानोको नको.

शिबोरी म्हटलं की निळाच रंग डोळ्यांपुढं येतो त्यालाही कारण आहे. नीळ घड्यांच्या आत सावकाश शिरते, म्हणून कापड थोडा वेळ बुडवायचं, बाहेर काढून हवा लागू द्यायची, हिरवट पिवळ्याचा निळा झाला की पुन्हा बुडवायचं. अशा छोट्या छोट्या बुडक्यांनी बाहेरचा थर गडद होत जातो आणि आतला पांढरा टिकतो.

राहिलं टाय-डाय. शब्दशः घेतला तर या शब्दात वरचं सगळं बसेल, पण बाजारात टाय-डाय म्हणतात ते बहुतेक वेळा १९६०च्या दशकातल्या अमेरिकेतून आलेल्या रंगीबेरंगी भोवऱ्याच्या टीशर्टला. सुती टीशर्ट सोडा अॅशच्या पाण्यात भिजवून पिळायचा, मध्यभागी चिमूट धरून गोल गोल पिळत चकती करायची, तिला रबरबँड लावायचे आणि बाटलीतून एकेका फाकेवर वेगळा रंग सोडायचा. कापड रंगात बुडवतच नाहीत, रंगच कापडावर ओततात. हे घरच्या घरी जमतं ते आयसीआय कंपनीने १९५६मध्ये आणलेल्या रिअॅक्टिव्ह रंगांमुळं, ते थंड पाण्यात सोड्याच्या मदतीने सुती धाग्याला पक्के चिकटतात. इथं रबरबँड फक्त चकती धरून ठेवतो, रंग अडतो तो घड्यांच्या गर्दीत. म्हणून पांढऱ्याची कड नेमकी कधीच नसते, रंग विरत जातो आणि शेजारच्या रंगात मिसळतो. पिवळ्याशेजारी जांभळा ठेवला तर मध्ये मळकट तपकिरी पट्टा येणारच, म्हणून पिवळ्याजवळ लाल किंवा निळा ठेवतात.

आता तुमची ओढणी. पांढरं कडं आणि आत बिंदू असेल, हाताला चुण्या लागत असतील तर बांधणी म्हणा. घडीची जाळी किंवा टाक्याची दातेरी रेघ असेल तर शिबोरी, मग ती जयपूरला केलेली का असेना, नाव पद्धतीचं आहे, गावाचं नाही. आणि तीनचार रंग एकमेकांत उतरलेले भोवरे असतील तर टाय-डाय. तिच्या उलट बाजूचा एक फोटो टाका, छापील आहे का तेही बघता येईल.