एसजीपीटी नॉर्मल, तरी लिव्हर कमजोर?

प्रश्न: बाबांना सिरॉसिस आहे. एसजीपीटी नॉर्मल आलं पण अल्ब्युमिन 2.4 आणि आयएनआर 1.9. मग लिव्हर ठीक आहे ना?

नाही, ठीक नाहीये. मी मेडिसिन वॉर्डात डॉक्टर आहे, हा गैरसमज रोज ऐकते. एसजीपीटी फक्त पेशी फुटतायत का ते सांगतं, आणि सिरॉसिसमध्ये फुटायला पेशीच कमी उरलेल्या असतात. लिव्हर माल किती बनवतंय ते तुमच्या बाकीच्या दोन आकड्यांत दिसतं: अल्ब्युमिन हे लिव्हरने बनवलेलं प्रोटीन, आणि आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचा आकडा, कारण गोठवणारे फॅक्टरही लिव्हरच बनवतं. अल्ब्युमिन रक्तात निम्मं व्हायला साधारण 20 दिवस लागतात म्हणून ते हळूहळू उतरतं, मग पाय सुजतात, पोटात पाणी व्हायला हातभार लागतो. रक्त गोठवणारा फॅक्टर 7 मात्र काही तासांतच निम्मा होतो, त्यामुळे लिव्हर अचानक बसलं तर आयएनआर आधी चढतो आणि अल्ब्युमिन तेव्हा चक्क नॉर्मल असू शकतं. तिसरं काम अमोनियाचं युरिया करणं, ते अडलं की अमोनिया साठून मेंदूवर परिणाम होतो, माणूस दिवसा झोपतो रात्री जागा, हात पुढे ताणून धरायला सांगितले की पंजे फडफडतात, बोलणं असंबद्ध होतं. बद्धकोष्ठ किंवा काळी शी झाली की हे पटकन वाढतं, असं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

फक्त एक, दोन्ही आकडे दुसऱ्या कारणानेही बिघडतात: लघवीतून प्रोटीन गेलं तर अल्ब्युमिन, व्हिटॅमिन के कमी पडलं तर आयएनआर. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देऊन दुसऱ्या दिवशी आयएनआर उतरला तर दोष किमान पूर्णपणे लिव्हरचा नव्हता.