‘माझं नाव काढा’ हे कुणाला सांगायचं?

“ताई, समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या मेलमध्ये माझा पत्ता अडकलाय. रोज ढीगभर मेल येतात. नाव काढा म्हटलं तर मामांना राग येईल. काय लिहू?”

भुसावळकडच्या एका तरुण बँक कर्मचाऱ्याचा हा प्रश्न. जळगावला माझ्याकडे येणाऱ्यांकडून मी तो वेगवेगळ्या रूपांत ऐकत असते. कुणाचं गाऱ्हाणं भाऊबंदांच्या मेलचं असतं, कुणाचं जुन्या सोसायटीच्या यादीचं. त्रास मेलचा कमी आणि “तुन्हं काय जास?” या टोमण्याच्या भीतीचा जास्त.

या तरुणाने मजकूर लिहूनच आणला होता. त्यात दोनदा क्षमा मागितली होती, बायकोच्या आजारपणाचा उल्लेख होता, बँकेतल्या कामाचा ताण होता. आणि हे सगळं तो ‘रिप्लाय ऑल’ करून चाळीसेक जणांना पाठवणार होता.

मी विचारलं, “हे वाचून लोक काय करतील?”

जरा थांबून तो म्हणाला, “बायकोची तब्येत विचारायला फोन करतील.”

“आणि नाव?”

“ते तसंच राहील.”

तो हसला. त्या हसण्यात अर्धं काम झालं, असं मला तेव्हाच वाटलं. कारण दिलं की समोरचा कारणाला उत्तर देतो. ‘वेळ नाही’ म्हटलं तर ‘सवडीने वाच’ म्हणतो. आजारपण सांगितलं तर डॉक्टर सुचवतो. विनंती बाजूलाच राहते. आपल्याकडे नुसती मागणी उद्धट वाटते, म्हणून आपण तिच्याभोवती कारणं रचतो आणि त्यातच ती हरवते.

मग मी त्याला मोबाइलमध्ये तीच मेल उघडायला लावली. “पहिली मेल कुणी पाठवली?”

तो खाली खाली सरकत गेला. “सचिव आप्पांनी. मामा नुसते सीसीत आहेत, माझ्यासारखेच.”

“मग नाव काढणं मामांच्या हातात आहे का?”

तो बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला. ज्या माणसाच्या रागाला तो महिनोन्‌महिने भीत होता, त्याचा या कामाशी संबंधच नव्हता. माणूस भितो तो त्याच्या मनातल्या माणसाला, समोरच्याला नव्हे, हे माझं जुनं मत. तिथे ते मला पुन्हा दिसलं.

नव्या मजकुराला पाच मिनिटंही लागली नाहीत. तो फक्त आप्पांना पाठवायचा होता:

“आप्पा, नमस्कार. मेळाव्याच्या मेलमध्ये माझा पत्ता अजून आहे. समितीचं काम आता माझ्याकडे नाही, म्हणून पुढच्या मेलमधून तो वगळावा ही विनंती. मेळाव्याला मी येतोच आहे.”

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. पत्ता काढायचा होता, नातं नव्हे. मधलं वाक्य कारण वाटेल, पण त्यावर कुणी तोडगा सुचवू शकत नाही. क्षमा मात्र एकदाही नाही. चूक झालेलीच नसताना माफी मागितली की समोरच्याला वाटतं, काहीतरी बिनसलंय.

‘रिप्लाय ऑल’ का टाळायचं, ते २०१६च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत दिसलं. एक चाचणी मेल चुकून आठ लाखांहून अधिक खात्यांवर गेली. ‘मला काढा’ अशी उत्तरं लोकांनी सगळ्यांनाच पाठवली आणि त्या उत्तरांनीच यंत्रणा तुंबली. आपल्या चाळीस जणांतही तसंच होतं. एकाने ‘मलाही’ म्हटलं की दुसरा चिडतो.

आप्पांनी “बरं” एवढंच उत्तर दिलं. मामांचा फोन आलाच नाही. पण चार दिवसांनी पुन्हा एक मेल आली आणि हा हिरमुसला. “बघा, ऐकलं नाही त्यांनी.”

ऐकलं होतं. कुणीतरी जुन्याच मेलला सगळ्यांसाठी उत्तर दिलं होतं आणि जुनी यादी त्या उत्तरासोबत परत आली होती. अशा मेलमधून आपल्याला कायमचं पुसून टाकण्याचं बटण कुणाकडेच नसतं. आप्पा फक्त आपली पुढची मेल नव्या, छोट्या यादीला पाठवू शकतात. किंवा एक मेल याला बीसीसीत ठेवून पाठवू शकतात. त्या मेलला कुणी सर्वांसाठी उत्तर दिलं, तरी ते याच्यापर्यंत येत नाही. राहिलेल्या जुन्या साखळीसाठी मी त्याला जीमेलमधलं ‘म्यूट’ दाखवलं. त्यानंतरची उत्तरं इनबॉक्समध्ये न येता संग्रहात जातात, शोधली तर सापडतात. फक्त एखादी मेल थेट त्याच्या एकट्याच्या नावे आली, तर ती पुन्हा वर दिसते. कुणालाही कळत नाही, कुणी रुसत नाही.

गूगल ग्रुपसारखी खरी यादी असेल तर विनंतीचीही गरज नसते. मेलच्या तळाशी बाहेर पडण्याची लिंक असते, किंवा `गटाचे-नाव+unsubscribe@googlegroups.com` अशा पत्त्यावर कोरी मेल पाठवली तरी भागतं. (‘गटाचे-नाव’च्या जागी त्या गटाच्या पत्त्यातला @ च्या आधीचा भाग टाकायचा.) मात्र ज्याने मेल पाठवली तो मुळात ओळखीचाच नसेल, तर लिंकही दाबायची नाही आणि नम्र पत्रही लिहायचं नाही. ती सरळ स्पॅममध्ये टाकायची.