चौदा विरुद्ध शून्य

प्रिय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. सोबत पाठवलेला कॉल लॉगचा फोटो तर त्याहून जास्त वेळ पाहिला. सहा महिन्यांत त्या मैत्रिणीला १४ फोन, आणि चौदाही तू केलेले. तिच्याकडून आलेला एकही नाही. खाली तू एवढंच लिहिलंस, "बास झालं आता, बंद करू का?"

तू त्या चौदाचा जो अर्थ लावतेस, तो मला पटत नाही. जरा तारखा बघ. दोन फोनांमध्ये साधारण तेरा दिवसांचं अंतर आहे. म्हणजे तेरा दिवस झाले की तुला चैन पडत नाही. आता समज, तिला तशी आठवण वीस दिवसांनी येते. तेराव्या दिवशी तुझा फोन जातो, पाऊण तास गप्पा होतात, तिचंही मन भरतं आणि तिचे दिवस पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात होते. तिचा विसावा दिवस कधी उगवतच नाही. ओढीतला फरक तेरा आणि वीसचा, लॉगमध्ये मात्र तो चौदा आणि शून्य असा दिसतो. ज्याचा धीर लवकर सुटतो, तोच दर वेळी फोन करतो.

हे मी तिची वकिली म्हणून सांगत नाही. तिचे दिवस वीस असतील, साठ असतील, किंवा तिला तुझी आठवण येतच नसेल. लॉग तिन्ही वेळा हुबेहूब सारखाच दिसेल. म्हणून त्याच्यावर निकाल देता येत नाही, इतकंच.

आणखी एक. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, घरातल्या कामांत तुमचा वाटा किती? दोघांच्या आकड्यांची बेरीज बहुतेक जोडप्यांत पूर्णाच्या वर गेली. त्यामागचं एक कारण साधं होतं: स्वतः केलेलं पटकन आठवतं, समोरच्यानं केलेलं तितकं आठवत नाही. तुझ्या बाबतीत तर फोननंच तुझी बाजू लिहून ठेवलीय. तिनं तुझ्या मुलाखतीची तारीख लक्षात ठेवली होती, हे तूच मला मागे सांगितलं होतंस. ते कुठल्या लॉगमध्ये येणार?

आता "बंद करू का" याबद्दल. न सांगता गप्प बसून बघायचं, ती करते का, हा विचार तुझ्या मनात आहे हे ओळखायला मला फार अक्कल लागली नाही. मीही तो उद्योग केलाय. एका मित्राला मीच फोन करायचो, एकदा मनाशी ठरवलं की आता त्याची पाळी. महिना गेला, दुसरा गेला. मी रोज थोडा थोडा चिडत होतो, त्याला पत्ताच नाही. चौथ्या महिन्यात एका लग्नात समोरासमोर आलो, तेव्हा त्यानं आधी विचारलं, "माझं काही चुकलं का रे?" माझा फोन येईना म्हणून मी रागावलोय असं त्याला वाटलं होतं, आणि रागावलेल्या माणसाला फोन करायचं धाडस त्याला होत नव्हतं. परीक्षा मी घेतली, पण ती चालू आहे हे मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. अशा परीक्षेत नापास होणाऱ्याबद्दल काहीच कळत नाही.

त्यापेक्षा फोन उचलल्यावर काय होतं ते बघ. तुझा मिस्ड कॉल पडला तर ती उलटा फोन करते का, एका दिवसानं का होईना? भेटायचं ठरताना "या आठवड्यात नाही जमणार" म्हणून थांबते, की "पण पुढच्या शनिवारी?" असं स्वतःहून जोडते? मला विचारशील तर या एका वाक्यावर मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवीन. दुसरा दिवस सुचवणाऱ्या माणसाला भेटायचं असतं. आणि मागच्या वेळचं काही तिला आठवतं का? "त्या बॉसचं पुढे काय झालं?" असं विचारणारी व्यक्ती मधल्या तेरा दिवसांत तुला विसरलेली नव्हती.

हे सगळं बरं दिसलं, तर पुढच्या फोनवर बोलून टाक. "तू कधीच फोन करत नाहीस" असं म्हणू नकोस. त्यावर कामाच्या रगाड्याची यादी ऐकू येईल आणि विषय तिथेच संपेल. तुझं सांग: "दर वेळी मीच फोन करते ना, मग कधीकधी वाटतं मी उगाच मागे लागलेय. पुढचा तू कर." हसत म्हण हवं तर, पण म्हण. मग खरंच थांब, आणि तेरा दिवस नाही, सहा आठवडे. तिचं अंतर तुला ठाऊक नाही, म्हणून ते मोठं धरायचं. आता हे थांबणं चोरून नाही, तिला माहीत आहे.

तिचा फोन आला तर प्रश्नच मिटला. नाही आला, पण सातव्या आठवड्यात तू केल्यावर ती आधीसारखीच मोकळी बोलली, तर ती बहुधा सुरुवात न करणाऱ्यांपैकी आहे. समोरचा कामात असेल, आपण त्रास देऊ, या विचारानं नंबर काढून पुन्हा फोन खाली ठेवणारी माणसं असतात. पेगी लिउ आणि सहकाऱ्यांचा २०२२ सालचा अभ्यास नेमका यावर आहे: आपण आठवण काढली तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज लोक प्रत्यक्षापेक्षा कमी करतात. फोन अनपेक्षित असेल, तर ते बरं वाटणं आणखी जास्त असतं. दर तेरा दिवसांनी येणाऱ्या फोनात अनपेक्षित काय उरतं, हा विचार मी तिथून पुढे नेलाय, तो अभ्यासात नाही. पण अंतर वाढवायला हरकत नाही असं मला वाटतं. महिना, दीड महिना. फोन ठेवल्यावर मनात हिशेब उघडत नाही, एवढं अंतर तुझं तूच शोध.

आणि मिस्ड कॉलला उत्तर नाही, दुसरा दिवस सुचवणं नाही, सांगूनही काही नाही, बोलताना "हं, हं" आणि मागे टीव्हीचा आवाज, असं असेल तर नेमानं फोन करणं सोड. ते जाहीर करू नकोस, भांडूही नकोस. वाढदिवसाला दोन ओळी पाठवायच्या असतील तर पाठव, उत्तराची वाट न बघता. वाईट वाटेल. चौदा फोनांचं वाटतंय त्यापेक्षा वेगळं वाटेल ते, कारण या वेळी काय झालं ते तुला माहीत असेल.

तुझ्या फोटोत एक गोष्ट तुला दिसली नसावी. तुझे चौदाही फोन रात्री साडेनऊच्या पुढचे आहेत. तिचं बाळ आठ महिन्यांचं आहे ना? एकदा दुपारी करून बघ.

तुझा,
काका

ता. क. मला तू नेहमीच आधी मेसेज करतेस, हे हे लिहिताना लक्षात आलं. येत्या रविवारी मी फोन करतो.