तोतया प्रोफाइल मला दिसत नाही, मग रिपोर्ट कसं करू?

प्रश्न: माझं नाव आणि फोटो लावून कुणीतरी खोटं प्रोफाइल काढलंय, मित्रांकडे पैसे मागतोय. मी शोधलं तर सापडतच नाही. ते कसं काढून टाकायचं?

उत्तर: त्याने तुम्हाला आधीच ब्लॉक केलेलं असणार, म्हणून सापडत नाही. माझ्या बाबतीतही हेच झालं. बहिणीच्या फोनवर ते प्रोफाइल स्वच्छ दिसत होतं आणि माझ्या फोनवर शोधलं की काहीच नाही.

ज्या मित्राला पैशांचा मेसेज आला, त्याला आधी दोन गोष्टी करायला सांगा. प्रोफाइल उघडून त्याची लिंक कॉपी करून तुम्हाला पाठवायची, आणि प्रोफाइलचे व मेसेजचे स्क्रीनशॉट घ्यायचे. लिंक हवीच, कारण एकाच नावाची कितीतरी माणसं असतात. स्क्रीनशॉट रिपोर्ट करण्याआधीच घ्या. प्रोफाइल उडालं की पुरावाही त्याच्यासोबत जातो, आणि कुणी पैसे पाठवले असतील तर पोलिसांना तो लागतो.

आता रिपोर्ट. इथेच बहुतेकांचं चुकतं. माझ्या मित्रमंडळींनी घाईघाईत ‘स्पॅम’ निवडलं आणि ‘नियमांचा भंग आढळला नाही’ असं उत्तर आलं. ते प्रोफाइल तेव्हा गप्प होतं, मेसेज खासगीत जात होते, मग स्पॅम म्हणून काय दिसणार? ‘दुसरी व्यक्ती असल्याचं भासवत आहे’ या अर्थाचा पर्याय शोधा. मित्र रिपोर्ट करत असेल तर पुढे ‘माझा मित्र’ निवडून त्याने तुमचं खरं प्रोफाइल जोडायचं. मग तपासणाऱ्यासमोर दोन्ही प्रोफाइल शेजारी शेजारी येतात. असा एक नीट रिपोर्ट शंभर ‘स्पॅम’पेक्षा कामाचा.

तुम्हाला स्वतःला तक्रार करायची असेल, तर मोठ्या प्लॅटफॉर्मच्या मदत विभागात तोतयागिरीचा वेगळा फॉर्म असतो. त्यात लिंक द्यायची आणि ओळखपत्राचा फोटो जोडायचा. माझा पहिला फॉर्म परत आला. प्रोफाइलवर मी घरचं, हाक मारायचं नाव ठेवलं होतं आणि ओळखपत्रावर पूर्ण नाव. दुसऱ्यांदा मी ती दोन्ही नावं माझीच असल्याचं दोन ओळींत लिहिलं, ओळखपत्राचे चारही कोपरे दिसतील असा फोटो काढला. तिसऱ्या दिवशी प्रोफाइल गेलं.

तरीही नकार आला तर फेरतपासणी मागा. शिवाय चोरलेला फोटो तुम्ही स्वतः काढलेला असेल, तर कॉपीराइटची तक्रार हा वेगळा रस्ता आहे. मात्र त्यात तुमचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळवलं जाऊ शकतं, त्यामुळे मी तो शेवटी ठेवेन.

हे चालू असतानाच तुमची मित्रयादी फक्त स्वतःला दिसेल अशी करा. माझी सगळ्यांना खुली होती, तिथूनच त्याने एकेकाला रिक्वेस्ट पाठवली. एक प्रोफाइल उडाल्यावर आठवड्याभरात त्याने दुसरं काढलं, पण तेव्हा यादी बंद होती. ते फक्त पहिल्यांदा रिक्वेस्ट आलेल्या चौघांपर्यंत पोचलं आणि चौघांनीही लगेच मला लिंक पाठवली.