ऑडिटआधी एकच चलन उचला: फौंड्रीवाल्यांची प्रश्नोत्तरे

आमचं आयएसओ ९००१ चं दुसऱ्या टप्प्याचं ऑडिट सहा आठवड्यांवर आलंय. कलमवार फाईली लावायला घेतल्यात, पण कागद संपेनात. बरोबर चाललंय का?
*– क्वालिटी इन्चार्ज, शिरोली एमआयडीसी*

फाईली लावणं आज थांबवा. डिस्पॅचमधून दोन-तीन महिन्यांपूर्वीचं एक चलन उचला आणि त्या मालाचा माग उलटा काढत जा. ऑडिटरही बहुतेक वेळा तसाच फिरतो.

शिरोलीतल्याच एका फौंड्रीत आम्ही असं केलं होतं. चलन होतं ४० पंप केसिंगचं, ग्रेड एफजी २६०. चलनावरून अंतिम तपासणीचा रिपोर्ट मिळाला. कास्टिंगवरचा हीट कोड वाचून मेल्टिंगच्या रजिस्टरमधली ओळ सापडली. तिथून स्पेक्ट्रोचा रिपोर्ट, टेस्ट बारचा रिपोर्ट (या ग्रेडला ताणशक्ती किमान २६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर लागते), चार्ज शीट आणि शेवटी स्क्रॅप व पिग आयर्नच्या आवक नोंदी. त्या दिवसाचा सँड लॅबचा ओलावा आणि ताकदीचा आकडाही मिळाला.

साखळी दोन ठिकाणी तुटली. फेटलिंगमध्ये ग्राइंडिंग करताना सात केसिंगवरचा हीट कोड निम्मा पुसला गेला होता. आणि ओतण्याचं तापमान १,४१० अंश लिहिलं होतं, पण ज्या पायरोमीटरने ते मोजलं, त्याच्या कॅलिब्रेशनची मुदत त्याच्या दोन महिने आधीच संपली होती. कलमवार फाईलीत दोन्ही गोष्टी दिसल्या नसत्या, कारण हीट रजिस्टर एका फाईलीत आणि कॅलिब्रेशन सर्टिफिकेट दुसऱ्या. तुम्हीही वेगवेगळ्या ग्रेडची अशी तीन चलनं घ्या. जिथे साखळी तुटेल, तेवढंच काम हाती घ्या.

मुदत संपलेलं उपकरण आता कॅलिब्रेट करून सर्टिफिकेट लावलं, तर विषय संपला ना?
*– मेल्टिंग सुपरवायझर, गोकुळ शिरगाव*

नाही. सर्टिफिकेट पुढच्या मापांची हमी देतं. मधल्या काळात मोजलेल्या मालाचं काय, हे तुम्हाला सांगावं लागेल. उपकरण चुकीचं ठरलं तर आधीच्या मापांवर काय परिणाम झाला ते तपासा, असं कलम ७.१.५.२ सांगतं.

म्हणून लॅबला सांगा, दुरुस्ती किंवा अॅडजस्टमेंट करण्याआधीचं रीडिंग सर्टिफिकेटवर लिहून द्या. वरच्या फौंड्रीत पायरोमीटर ८ अंश जास्त दाखवत होता. त्यांची ओतण्याची मर्यादा १,३८० ते १,४३०. त्या दोन महिन्यांतलं सगळ्यात कमी रीडिंग १,३९५ होतं. ८ वजा केले तरी ते मर्यादेतच राहतं. हा हिशेब एका पानावर मांडून, सही करून सर्टिफिकेटला जोडला. तेच पान पुरावा ठरलं. फरक ३५ अंशांचा निघाला असता, तर धातू प्रत्यक्षात थंड ओतला गेलेला असता. मग त्या काळातल्या कास्टिंगमध्ये कोल्ड शट आणि अर्धवट भरलेल्या कडा शोधाव्या लागल्या असत्या आणि गरज पडल्यास ग्राहकालाही कळवावं लागलं असतं.

सँड टेस्टचं रजिस्टर मागचे १९ दिवस कोरं आहे. मालक म्हणतात, अंदाजाने भरून टाका. काय करू?
*– सँड लॅबमधील मुलगी, कागल पंचतारांकित वसाहत*

भरू नका, ताई. एकाच बसणीत भरलेलं पान लगेच ओळखू येतं: एकच पेन, एकच दाब, ओलावा रोज ३.६. ऑडिटर त्या तारखांचं तुमचं हजेरीपत्रक मागतो आणि रजेच्या दिवशीही तुमची सही दिसते. मग त्या रजिस्टरवरच नव्हे, कारखान्यातल्या एकाही कागदावर त्याचा विश्वास उरत नाही.

कोरी पानं कोरीच ठेवा आणि स्वतःहून त्रुटीची नोंद करा. कारणही खरं लिहा. तुमच्या रजेत टेस्ट करायला दुसरं कुणी शिकलेलं नव्हतं, हे कारण असेल तर मोल्डिंगमधल्या एका मामांना टेस्ट शिकवा आणि त्यांची नोंद प्रशिक्षण रजिस्टरला घ्या. त्या १९ दिवसांतलं वाळूच्या दोषांचं रिजेक्शनही काढून पाहा आणि सोबत जोडा. आजपासून ऑडिटपर्यंत रोजच्या खऱ्या नोंदी असल्या की तुम्ही केलेली सुधारणा दिसते. मालकांना हे वाचून दाखवा.

मॉक ऑडिट कोणी घ्यावं? बाहेरचा माणूस परवडत नाही.
*– भागीदार, मशीन शॉप, उद्यमनगर*

आपल्याच माणसांनी, फक्त स्वतःचं काम कुणी स्वतः तपासू नये. स्टोअरवाल्याने मशीनिंग पाहावं, मशीनिंगवाल्याने स्टोअर. ऑडिटच्या तीनेक आठवडे आधी घ्या, म्हणजे दुरुस्तीला वेळ उरतो. कामगारांना क्वालिटी पॉलिसी पाठ करायला लावू नका. मशीनवर उभं राहून विचारा, "हा बोअर मापात नाही आला तर पीस कुठे ठेवता?" त्यांनी लाल क्रेटकडे बोट दाखवलं, तर क्रेटजवळ जाऊन आतल्या पिसांवर टॅग आहे का बघा.

या फेरीचा आराखडा, निकष आणि निष्कर्ष लिहून ठेवलेत तर तीच तुमचं अंतर्गत ऑडिट म्हणूनही चालेल. व्यवस्थापन आढावा बैठक मात्र त्यानंतर घ्या, कारण त्या बैठकीत याच निष्कर्षांवर बोलायचं असतं.