पॉइन्सेटियाची चमकी काढून पाणी घाल
अगं, नाताळला पॉइन्सेटिया आणलास ना, मग कुंडीभोवतीची ती चमकी फॉइल आधी बघ, तिला खाली भोक नसतं, पाणी आतच साचतं आणि मुळं कुजतात. वरून पानं मान टाकतात, आपल्याला वाटतं तहानलंय, म्हणून अजून ओततो, पण माती ओली असून पानं लोंबली तर पाणी बंदच कर.

मातीत बोट घाल, वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच फॉइल काढून सिंकमध्ये पाणी दे, अर्धा तास निथळू दे, मग परत गुंडाळ. रिबन कुंडीलाच बांध, फांद्यांना नको, त्या पटकन मोडतात आणि पांढरा चीक येतो. एसीच्या झोतात मात्र ठेवू नकोस, पानं गळतात.