पार्ट थ्रीमध्ये अडकणारी तासगावची मुलगी

"मॅडम, आयेल्ट्सच्या स्पीकिंगमध्ये पार्ट वन मस्त जातो, क्यू कार्डवर दिलेल्या विषयावर पण दोन मिनिटं बोलते. पण शेवटी पार्ट थ्रीत ते 'लोक असं का करतात, पुढं काय होईल' असलं विचारायला लागले की डोकं ब्लँक. त्या विषयातलं मला काही माहितीच नसतं, मग बोलू काय?"

गेल्या वर्षी तुझ्यासारखीच अडकणारी तासगावची एक मुलगी यायची माझ्याकडे सांगलीत विश्रामबागला. घरची द्राक्षबाग, एमएस्सीसाठी परदेशात जायचं होतं, म्हणून ही इंग्लिशची परीक्षा. मॉक घेतला, क्यू कार्ड होतं नेहमी जाता त्या बाजाराबद्दल, आणि ती आठवडी बाजारावर इतकं छान बोलली की मीच ऐकत बसले. मग विचारलं, लोक आता छोटी दुकानं सोडून मॉलमध्ये का जातात? उत्तर आलं, माझ्या पप्पांना मॉल आवडत नाही. पुढचा प्रश्न, वीस वर्षांनी छोटी दुकानं राहतील का? "यस, दे विल." आणि गप्प.

तिला वाटत होतं की इथं माहिती तपासतात. तसं नाहीये बघ. मार्क चारच गोष्टींचे आणि चारही सारख्याच वजनाच्या: सलग आणि जुळवून बोलणं, शब्द, व्याकरण, उच्चार. मत बरोबर की चूक याचा कॉलमच नाही. पार्ट थ्री चार-पाच मिनिटांचा, आणि त्यात बघतात एवढंच की तू स्वतःच्या घराबाहेर पडून चार लोकांबद्दल बोलू शकतेस का.

म्हणून पहिलं काम केलं ते पप्पांना बाजूला ठेवायचं, पण पूर्ण नाही. मी म्हटलं पप्पांना मॉल का आवडत नाही सांग. म्हणाली, दुकानदार ओळखीचा, उधारी चालते, द्राक्षाचे पैसे आले की एकदम देतात. अगं मग हेच तर उत्तर आहे! फक्त "माय फादर"च्या जागी "पीपल हू अर्न सीझनली" म्हण, आणि पप्पा शेवटी उदाहरण म्हणून आण. माहिती तिच्याकडे होतीच, ती घरगुती वाटत होती म्हणून सांगत नव्हती.

मग तुलना. ती आधी मॉलबद्दल चार वाक्यं बोलायची, मग दुकानाबद्दल चार, आणि दोन्हीचा एकमेकांशी संबंधच नाही. मी सांगितलं एकच मुद्दा धर, उधारीचा धर, आणि दोघांना त्याच एका तराजूत तोल: "अ स्मॉल शॉपकीपर कॅन वेट फॉर हिज मनी, व्हेअरअॅज अ मॉल वाँट्स इट ॲट द काउंटर." एका वाक्यात तुलना झाली की नाही? आणि आपल्या "पेक्षा"मुळे जे "मोर चीपर" तोंडातून येतं ना, तिकडे लक्ष ठेव, नुसतं "चीपर".

सगळ्यात जास्त वेळ गेला तो अंदाज करण्यात. आपण मराठीत किती सहज म्हणतो, "तो घरी असेल", "दुकान बंद झालं असावं", "होईल बहुतेक". अंदाजाच्या किती पायऱ्या आहेत आपल्याकडे, पण इंग्लिशमध्ये गेलो की सगळ्याचं एकच "विल" होतं, आणि विल म्हणजे ठामपणे सांगून टाकलं, मग पुढं बोलायला काही उरतच नाही म्हणून गप्प बसायला होतं. मी तिला तोच प्रश्न आधी मराठीत बोलायला लावला, फोनवर रेकॉर्ड करून. म्हणाली, "गावातली राहतील बहुतेक, शहरातली कमी होतील, पण ऑनलाइनवाल्यांनी उधारी सुरू केली तर गावातली पण जातील." मग एकेक तुकडा इंग्लिशमध्ये नेला: बहुतेकला "विल प्रॉबेबली", कमी होतीलला "आर लाइकली टू", आणि तरवाल्या भागाला "इफ ऑनलाइन कंपनीज स्टार्टेड गिव्हिंग क्रेडिट, इव्हन व्हिलेज शॉप्स माइट डिसअपिअर". तीस सेकंद सहज झाले, पाठ केलेलं एक वाक्य नव्हतं त्यात.

घरी काय करायचं, तर रेकॉर्डिंग ऐकून "विल" मोजायचे. पहिल्या दिवशी तिच्या चार मिनिटांत अकरा निघाले. सगळे काढायचे नाहीत हं, ज्याची खरंच खात्री आहे तिथं राहू देत. आणि "दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन" हे प्रत्येक उत्तराच्या आधी लावायची सवय असेल तर सोड, पाठांतर लगेच कळतं त्यांना. प्रश्नच कळला नाही तर सरळ विचार, "डू यू मीन इन सिटीज?" या पार्टमध्ये अर्थ विचारलेला चालतो. एक मात्र खरं की याने व्याकरणाचा पाया सुधारत नाही, काळच चुकत असतील तर ते वेगळं बसून करावं लागतं.

परीक्षा देऊन आली तेव्हा चेहरा पडलेला. म्हणाली, मॅडम, मी बोलत होते आणि त्यांनी मधेच थांबवलं, प्रश्न पण अवघड अवघड होत गेले. मी म्हटलं अगं, वेळ संपली म्हणून थांबवतात, आणि तू उत्तरं देत गेलीस म्हणून अवघड विचारत गेले, तू कुठपर्यंत जातेस ते बघत होते.